विठोजींच्या चार पिळलेल्या गुलाबजामांचा हिशेब

के. आर. पुरममध्ये आमच्या समोरच्या दारात राहणारे विठोजी अण्णा तीन महिने उपाशी आहेत, असं सगळा मजला धरून चालला होता. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं तर आधी सहा किलो उतरवा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यांची भाची अक्षरा इस्पितळात आहारतज्ज्ञ. तिने आखून दिलं तसं ते खात होते. संध्याकाळचं तिंडी, म्हणजे खाणं, बंद, रात्रीचा भात बंद. त्याच्या मोबदल्यात चार गुलाबजाम, चारशे कॅलरी. ही अदलाबदल मात्र अण्णांनी स्वतःच ठरवलेली.

वजन तरी जागचं हलेना.

त्यांच्या बायकोचा, राजलक्ष्मी अक्कांचा संशय साहजिकच फिरायला जाण्यावर गेला. "मुग्धा, तू जातेस ना त्याच बाजूने," त्या मला म्हणाल्या. "त्या कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात बसतात का गं हे? मसाला दोसा खात असतील."

मी काही पाहिलं नव्हतं, पण म्हटलं, "बसलेले दिसले नाहीत अक्का. उभ्याने खात असतील तर सांगता येत नाही."

माझ्या या वाक्याने घरात दोन दिवस अबोला झाला. अण्णांनी देवासमोर हात जोडून सांगितलं की घराबाहेर फक्त पाणी पितो. अक्का म्हणाल्या, "सरी, बरं, पाण्याने पोट सुटतं म्हणा." माणूस खरं बोलत होता आणि बायको मानत नव्हती. गुडघा तर रोज जिन्यावर करकरत होता.

रविवारी अक्षरा आली. तिने एकच विचारलं, "मामा, एका गुलाबजामाचे शंभर कुठून आणलेत?"

अण्णा तयारच होते. आयुष्यभर विमा कंपनीत आकडेमोड केलेला माणूस. "चारशे ग्रॅम खवा, सोळाशे. शंभर ग्रॅम मैदा, साडेतीनशे. वीस गोळे. भागून बघ, शंभरसुद्धा भरत नाहीत."

"आणि पाक?"

"पाक मी पिळून टाकतो." दोन बोटांत धरून दाबायची खूण करत ते म्हणाले. तेलाचं तर त्यांच्या डोक्यातही नव्हतं.

अक्षराने स्वयंपाकघरातला वजनकाटा मागितला. त्या दिवशी अक्कांचा नवा घाणा व्हायचाच होता. तळणीआधी तेलाची कढई काट्यावर ठेवली, गोळे तळून काढल्यावर पुन्हा ठेवली. पन्नास ग्रॅम कमी. "हे गोळ्यांच्या पोटात गेलं. ग्रॅमला नऊ धरा, साडेचारशे," अक्षरा म्हणाली. म्हणजे पाकात पडायच्या आधीच प्रत्येक गोळा एकशेवीस. अण्णा खुर्चीत बसले.

तळलेला गोळा अठ्ठावीस ग्रॅम भरला. नऊशे ग्रॅम साखरेचा पाक तयार होऊन दीड किलो झाला होता, म्हणजे शंभर ग्रॅम पाकात साठ ग्रॅम साखर. गोळे त्यात सोडले आणि आम्ही दुपारची जेवणं, झोप आटोपून परत काट्याभोवती उभे. बाहेरून निथळलेला गुलाबजाम अठ्ठेचाळीस ग्रॅम.

"वीस ग्रॅम पाक प्यायला. त्यात बारा ग्रॅम साखर, अठ्ठेचाळीस कॅलरी. एकूण एकशे अडुसष्ट."

"पण पिळून," अण्णा म्हणाले.

"पिळा."

अण्णांनी सगळा जोर लावला. गुलाबजाम चपटा झाला, वाटीत पाकाचे थेंब पडले. काटा बेचाळीसवर थांबला.

"सहा ग्रॅम निघाला. चौदा कॅलरी वाचल्या, मामा."

मी बोटांवर गुणाकार केला. एकशे चौपन्न गुणिले चार, सहाशे सोळा. रोज सव्वादोनशेच्या आसपास जास्त, तेही भात सोडून, तीन महिने. अण्णा त्या चपट्या गुलाबजामाकडे असे बघत होते, जणू घरच्याच माणसाने खोटी साक्ष दिली.

पण त्यांच्याहून पांढऱ्या पडल्या होत्या अक्का. "माझा गुलाबजाम पाक गाभ्यापर्यंत पितो, असं मीच सगळ्यांना सांगत असते," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून पिळला तरी सुटत नाही. अय्यो, म्हणजे मीच भरवत होते आणि ह्यांना दोशावरून बोलत होते."

"स्वल्प माझ्यामुळेही," मी म्हटलं. "मी उभ्याने खातात म्हटलं होतं."

"तू गप्प बस," दोघंही एकदम म्हणाले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं.

त्या रात्री अक्कांनी अण्णांच्या ताटात मोजून वाटीभर भात वाढला, त्यावर आमटीसारखं पातळ सारू ओतलं. गुलाबजाम एकच ठेवला. अण्णांनी तो पिळला नाही. चमच्याने चार तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा वेगळा गुलाबजाम असल्यासारखा बराच वेळ चावत राहिले.