दूध कमी का निघालं?

"मॅडम, शाळा हाय का चित्रकलेचा क्लास?"

पहिलीतल्या एका मुलीचे वडील हातात पेपर फडकवत वर्गाच्या दारात उभे होते. पेपर त्यांच्या लेकीचा होता. त्यावर मी काढलेली गाय होती, मासा होता, चार मडकी होती आणि सगळ्या पानात मिळून एकही वाक्य नव्हतं.

"महिना झाला, पोरगी नुसती चित्राला गोल करायली. शेजारच्याची पोरगी इंग्लिश शाळेत पानंच्या पानं एबीसीडी लिव्हायली."

माझं माहेर किनवटकडचं आणि नोकरी लातूर जिल्ह्यात, मुरुडजवळच्या एका गावात. दोन्हीकडची माणसं मला सांगतात की माझ्या नाकावर राग असतो. त्या दिवशी तो नाकावरून खाली उतरून जिभेवर आला होता. पण वर्गात पोरं होती, म्हणून गिळला. "शनिवारी पालकसभा आहे, तिथं बोलू," एवढंच म्हणाले.

"शनिवारी येतो. पण सोमवारपासून पोरगी व्हॅनमध्ये बसणार. नाव सांगून ठेवलंय."

मुरुडच्या इंग्लिश शाळेची ती पिवळी व्हॅन रोज सकाळी आमच्या फाटकासमोरून हॉर्न वाजवत जायची. आमचे हेडमास्तर सज्जन माणूस. ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. जाणाऱ्याला कोण धरणार?" मी म्हटलं, "मी धरणार." एक पोरगी गेली की मागून आणखी जातील, हे तर होतंच. पण खरं सांगायचं तर मला त्या मुलीचीच काळजी होती.

ती वर्गात बोलत नसे. नाव विचारलं तरी मान खाली. घरचे तिला "आमची मुकी" म्हणायचे, तेही लाडानं. लाडानं म्हटलेलंही पोराच्या अंगाला चिकटतं. पण चित्राचा पेपर समोर आला की तिचं बोट चालू लागायचं. आधी सगळ्या चित्रावरून एकदा फिरायचं, मग परत मागं यायचं आणि मगच पेन्सिल टेकायची. असं बघणं शिकवून येत नाही. हे पोर तिकडं इंग्लिश शाळेत शेवटच्या बाकावर न कळणारी अक्षरं गिरवत बसलं, तर खरंच मुकं होईल, असं मला वाटत होतं.

आता त्या चित्रांच्या प्रश्नांबद्दल सांगते, कारण बाहेरून बघणाऱ्याला तो पोरखेळ वाटतो. पहिलीच्या मुलाला लांब वाक्य वाचता येत नाही. म्हणून त्याला विचार करता येत नाही, असं थोडंच आहे? त्याला वाक्यात प्रश्न दिला आणि उत्तर आलं नाही, तर काय आलं नाही, वाचन की विचार, हे बाईला कधीच कळणार नाही. म्हणून प्रश्न मी तोंडानं सांगते, दोनदा, सावकाश, एकाच सुरात. सूर जरा वर गेला की पोरं तेवढ्यावरून उत्तर ओळखतात, लई बेरकी असतात. कागदावर फक्त चित्रं. प्रश्नाला आकडा टाकला तर काहींना तो आकडाच ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक छोटी खूण. "माशाच्या ओळीवर बोट ठेवा" म्हटलं की सगळी बोटं एका जागी येतात. सगळ्यात आधी एक सोपा प्रश्न नुसता सरावाला, म्हणजे गोल कुठं आणि कसा करायचा ते कळतं.

अडचण एकच होती. मला चित्र काढता येत नाही. माझी गाय बघून वर्गात विचारणा व्हायची, "बाई, ही म्हैस का शेळी?" एकदा मला कलेची हौस आली. तीन कोंबड्या काढल्या आणि त्या उठून दिसाव्यात म्हणून प्रत्येकीखाली काळी सावली काढली. मुरुडला जाऊन झेरॉक्स मारून आणल्या. कोंबड्या किती, विचारलं, तर निम्मा वर्ग म्हणाला, सहा! मी तडकले. मग कागद पाहिला. झेरॉक्समध्ये सावल्याही कोंबड्यांइतक्याच काळ्याकुट्ट आणि गुबगुबीत आल्या होत्या. पोरांनी इमानदारीनं दिसलं ते मोजलं होतं. त्या दिवसापासून नियम केला. चित्रात कामाचं तेवढंच काढायचं, आणि बरीच मुलं एकच चूक करायला लागली तर आधी बाईनं स्वतःचा कान धरायचा.

शनिवार उजाडला. सकाळची शाळा सुटली आणि वर्गातच सभा भरली. आया एका बाजूला, बाप एका बाजूला, पोरं खिडकीत आणि दारात लटकलेली. हेडमास्तरांनी शासनाच्या योजनांवर बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात त्या मुलीचे वडील उभे राहिले. "योजना ऱ्हाऊ द्या गुरुजी. चित्राचं सांगा. मॅडम नुसती चित्रं रंगवायल्यात. ह्यात शिकणं कुठं हाय?"

दोघं-चौघं "हाव, हाव" म्हणाले.

मी भाषण करणार नव्हते. सगळ्यांना एकेक कागद आणि पेन्सिल वाटली. "आज पेपर तुमचा," म्हटलं. आया पदराआड हसल्या. बापांनी मिशीला हात लावला.

कागदावर वर एक मोठं चित्र होतं. गोठा. गाय उभी. तिच्यापुढं गव्हाण, तीत कडबा. बाजूला खुंटा आणि खुंट्याला तुटक्या दाव्याचा तुकडा लोंबतोय. बाई धारेला बसलेली, समोर बादली, बादलीत तळाशी जेमतेम दूध. खाली तीन छोटी चित्रं. पहिल्यात रिकामी गव्हाण. दुसऱ्यात गळकी बादली, दूध भुईवर सांडतंय. तिसऱ्यात वासरू गायीला पितंय.

मी सांगितलं, "मोठं चित्र नीट बघा. आज दूध कमी का निघालं? खालच्या बरोबर चित्राला गोल करा." दोनदा सांगितलं. एकाच सुरात.

त्या मुलीच्या वडिलांनी क्षणात गोल केला आणि पेन्सिल खाली ठेवली. पहिल्या चित्राला, रिकाम्या गव्हाणीला. "ह्यात काय अवघड? चाराच न्हाई तर दूध कुठून यील? मागच्या उन्हाळ्यात कडबा विकत आणून आणून टेकीला आलो मी."

बऱ्याच बापांनी तोच गोल केला होता. आयांमध्ये बादलीवाल्या होत्या, वासरूवाल्याही होत्या. आपसात वाद सुरू झाला. मी कुणालाच बरोबर म्हटलं नाही, चूक म्हटलं नाही. खरं तर आतून मला गुदगुल्या होत होत्या.

तेवढ्यात खिडकीतून एक बारीक आवाज आला.

"पप्पा, गव्हाणीत कडबा हाय की."

सगळ्यांच्या माना खिडकीकडं वळल्या. तो आवाज कुणाचा, हे आधी कुणाला कळलंच नाही. कारण शाळेत तो कुणी कधी ऐकला नव्हता. ती मुकी पोरगी खिडकीच्या गजाला धरून उभी होती.

मी तिला आत बोलावलं. आली. वडिलांच्या शेजारी उकिडवी बसली आणि तिचं ते बोट कागदावर फिरायला लागलं. मी विचारलं, "मग बादली गळते का गं?"

"न्हाई. खाली दूध सांडलेलं न्हाई."

"मग वासरूच कशावरून?"

"दावं तुटलंय." बोट खुंट्यावर थांबलं. "तोडून पळालं अन् आधीच पिऊन गेलं."

एक नाही, दोन नाही, तिन्ही चित्रांचा तिनं निकाल लावला होता, आणि तोही कारणासकट. त्या क्षणी मला टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. नोकरीचा विचार करून मी फक्त टाळी वाजवली. माझी टाळी थांबायच्या आत आया टाळ्या वाजवायला लागल्या होत्या.

तिचे वडील कागदाकडंच बघत होते. कधी वरच्या चित्रातला कडबा, कधी खालची रिकामी गव्हाण. "आरं तिच्या," ते म्हणाले, "मी माझ्याच गोठ्यातलं सांगितलं. चित्रातलं बघितलंच न्हाई."

"तेच तर शिकवायलेय दादा," मी म्हटलं. "समोर काय आहे ते बघायचं, मग बोलायचं. आज चित्र आहे. उद्या वाक्य येईल, परवा धडा येईल. न बघता गोल करायची सवय लागली, तर ती पुढं इंग्लिशमध्येही सुटत नाही."

हे शेवटचं बोलायला नको होतं, पण जीभ राहिली नाही. ते रागावले नाहीत. लेकीकडं बघत म्हणाले, "हिला एवढं कळतं, अन् आम्ही हिला मुकी म्हणून ऱ्हायलो." मग उठता उठता जरा ओशाळून विचारलं, "मॅडम, आणखी एक कागद हाय का असला? घरी म्हाताऱ्याला लावतो कामाला."

सोमवारी सकाळी मी फाटकातच उभी होते. कारण नसताना झाडू हातात घेतला होता. व्हॅन आली, थांबली, हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. रस्त्याच्या पलीकडून ते बापलेक येत होते. वडिलांनी ड्रायव्हरला हातानंच 'जा' म्हणून सांगितलं आणि व्हॅन धुरळा उडवत निघून गेली. पोरगी माझ्या बाजूनं पळत आत शिरली. हेडमास्तरांनी ऑफिसच्या दारातून बघितलं आणि म्हणाले, "धरलंत की हो मॅडम!" मी इतकी खूश होते की सगळं पटांगण झाडून काढलं.

त्यानंतर ती वर्गात इतकं बोलू लागली की तिला गप्प बसवायला मला ओरडावं लागायचं. हळूहळू चित्राखाली एकेक शब्द आला, मग दोन-दोन. संक्रांत झाली आणि मी पहिल्यांदा चित्राशिवाय प्रश्न दिला. कागदावर फक्त एक लांब वाक्य: गाय गोठ्यात उभी आहे आणि वासरू पळत तिच्याजवळ आले. खाली प्रश्न: वासरू कोणाजवळ आले?

तिनं बोट ठेवून अक्षर अक्षर जोडत वाक्य वाचलं, परत मागं गेली, पुन्हा वाचलं. 'गाय' लिहिलं. मला वाटलं झालं. पण ती उठेना. पेन्सिल चालूच होती. जवळ जाऊन पाहिलं तर खालच्या कोऱ्या जागेत तिनं सगळा गोठा काढला होता. तिची गाय माझ्या गायीपेक्षा कितीतरी जास्त गाय दिसत होती.

"चित्र कुठं विचारलंय गं?" मी म्हटलं.

"वाचल्यावर दिसलं, बाई."

 मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चित्र नीट पाहिलं. गायीपुढं गव्हाण होती, आणि तीत कडब्याचा एवढा ढीग की तो गायीच्या शिंगांच्याही वर गेला होता.

"आणि हा एवढा कडबा कशाला?"

ती अजून एक पेंढी काढत होती. मान वर न करता म्हणाली, "पप्पाला दाखवायचंय. ह्या टायमाला दिसला पाह्यजे."