फोटोतला टोलनाका

मुलांनो, टोल भरून तुम्ही ज्या रस्त्यांवरून रोज जाता, तसल्याच एका रस्त्याच्या फोटोने मला चार दिवस अन्नाची चव कळू दिली नव्हती. तेव्हा ऐंशीचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. इराण-इराकचं युद्ध चालू होतं आणि तुमचे आजोबा तेलाच्या जहाजावर फिटर होते.

त्यांचं शेवटचं पत्र आलं त्यात लिहिलं होतं, "इटलीत बदली माणूस आला तर तिथेच उतरेन. नाही आला तर जहाजाबरोबर इराणला, तेल भरायला." त्यानंतर महिनाभर काही नाही. मग एक पाकीट आलं. आत नुसता फोटो. शिक्का मुंबईचा, म्हणजे कुणा सहकाऱ्याने इथे येऊन पोस्टात टाकलेला असावा. पाठवणाऱ्याचं नाव नाही, मागे एक अक्षर नाही. आजोबा आणि तिघेजण एका बसपाशी उभे, पायाशी बॅगा. मागे रुंद रस्ता.

मी शाळेत शिकवून परत येईपर्यंत सासूबाईंनी तो बाजारात नेऊन फ्रेम करून भिंतीला लावलाही होता. मी नीट पाहिलाच नव्हता.

त्याच संध्याकाळी रेडिओने सांगितलं, इराणच्या किनाऱ्याजवळ तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडलं. जहाजाचं नाव सांगितलं नाही. जहाज कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसचा ट्रंक कॉल दोन दिवस लागला नाही. तिसऱ्या दिवशी मी फ्रेम उतरवली आणि शेजारच्या चाचांकडे गेले. ते दहा वर्षं कुवेतमध्ये ट्रेलर चालवून आलेले. इराणलाही माल घेऊन गेलेले.

त्यांनी चष्मा लावला. "वहिनी, हे मागं बघा. रस्ता अडवून ओळीनं खोकी. टोलनाका. कुवेतात टोल नाय. आमच्या अरबांकडं रस्ते फुकट."

"मग हे कुठलं?"

त्यांनी फोटो उजेडाकडे धरला. मग हळूच म्हणाले, "तेहरानकडच्या मोठ्या रस्त्याला मी टोल भरलाय."

 इराणात, बॅगा घेऊन, बसपाशी. म्हणजे बदली माणूस आला नव्हता आणि जहाज इराणला गेलं होतं, असं मनात आलं.

"थांबा, इतक्यात रडू नका," चाचा म्हणाले. "टोल युरोपातपण असतो म्हणतात. आणि ही पेट्रोलपंपाची जागा बघा, हॉटेल रस्त्यावरून आडवं, पुलासारखं. असलं मी कधी पाहिलं नाय. पण मी काय सगळा इराण पाहिला?"

"हिरवी पाटी आहे ना?" रस्त्यावर आडव्या कमानीला पाटी होती, पण तिची फक्त खालची कड आणि दोन बाण दिसत होते.

"हिरव्या रंगावरून काय कळतं! इराणात असती तर वर फारसी, खाली इंग्रजी. वाचायचं तेच कापलंय की हो."

फोटो वरून बोटभर कापलेला होता. तयार फ्रेमच्या मापात बसवायला.

आम्ही तडक फ्रेमच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काकी, मापात बसवायचं तर कापायलाच लागतं."

"ती पट्टी कुठे आहे?"

"टाकत नाय मी काय. काचेमागं सैल राहिलं की पट्ट्या भरतो. गेली असेल कुठल्यातरी देवाच्या मागं."

त्या दिवसापासून तयार झालेल्या सहा फ्रेमा भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. तो त्या उघडायला तयार होईना. गृहप्रवेशाची गिऱ्हाइकं संध्याकाळी येणार होती. चाचा म्हणाले, "अरे, हिचा नवरा जिवंत आहे का ते तुझ्या गणपतीमागं आहे. काढ खिळे!"

त्याने पक्कड घेतली. गणपती निघाला, लक्ष्मी निघाली. दत्ताच्या मागून आकाशाची निळी पट्टी घडी होऊन पडली. मी ती उलगडली. हिरव्या पाटीचा वरचा भाग, पांढरी अक्षरं. वाचायचं धैर्य होईना, म्हणून आधी चाचांना दिली.

"फारसी नाय," ते म्हणाले. "इंग्रजी अक्षरं आहेत. तुम्हीच वाचा."

GENOVA. शाळेच्या नकाशात मी मुलांना जिनोआ दाखवायचे, इटलीतलं बंदर. तेच. म्हणजे बदली माणूस आला होता. बॅगा विमानतळाकडे निघाल्या होत्या.

मी दुकानाच्या पायरीवर बसले.  चाचा दुकानदाराला खिळे हातात देत होते आणि "आता तरी आम्हाला चहा सांग, म्हाताऱ्याचा घसा कोरडा पडला" म्हणत होते.

आजोबा त्यानंतर अकराव्या दिवशी आले; विमानात जागा मिळेना म्हणून ते मागे राहिले होते. मी पहिलं विचारलं, "तुमच्या जागी कोण चढलं?"

"गुहागरकडचा होता एक," ते म्हणाले. "नवीनच. पोरगी झाली म्हणून सांगत होता."

रेडिओवर जहाजाचं नाव आलं नाही, त्या आठवड्यात नाही आणि नंतरही नाही. पण संध्याकाळी बातम्या लागल्या की मी उठून आवाज मोठा करायचे आणि उभीच राहायचे. गुहागरकडे कुठल्या घरात दुसरी कुणी तशीच उभी असेल, हे मला माहीत होतं.