गठ्ठ्यांमधला लाल कागद

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतर कर्जतला स्टेशनाजवळ चहाच्या एका कंपनीची कचेरी होती. आमचे हे तिथे पहारेकरी होते. त्यांना दम्याने घरी बसवले तेव्हा साहेबांनी मला कोठीत गठ्ठे बांधायला ठेवले. पाऊस सरला की मला कायम करायचे की मुंबईहून माणूस आणायचा, ते ठरणार होते.

कोठीत चहा नव्हताच. चहा कसा करावा ते सांगणारी रंगीत पत्रके, पत्र्याच्या पाट्या आणि दुकानदारांना भेट द्यायच्या कपबश्या होत्या. कोठी सांभाळणारे काका खोपोलीचे. कोणाला काय दिले ते वहीत लिहून सही घ्यायला त्यांनीच मला शिकवले. मी कोणाशी बोलत नसे, म्हणून त्यांनी पत्रकांच्या ढिगात मधे एक लाल कागद घातला. म्हणाले, "वरचे गठ्ठे संपून हा दिसला की साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेव. बोलायला नको. खालचे गठ्ठे नवी छपाई येईपर्यंत पुरतात."

श्रावणात काका तापाने पडले. एक दिवस वहीतली शिल्लक काकांनी लाल कागदाखाली ठेवलेल्या गठ्ठ्यांइतकीच उरली, आणि लाल कागदावर तर अजून बरेच गठ्ठे! मी गठ्ठे मोजले. वही बरोबर होती.

कंपनीचे एक विक्रेते, कशेळ्याच्या बाजूला फिरणारे, पत्रके न्यायला तिथेच आले होते. भीत भीत त्यांना विचारले.

"वरचे दमट हायत, वहिनी. छप्पर गळतंय. मी आपले खालचे कोरडे ओढले. सही केलीय की! चहात बुडायच्या आधीच कागद भिजलेला कोण घेईल?"

छापखान्याला तेव्हा कागद लवकर मिळत नसे. नवरात्रात कशेळ्याच्या बाजारात कंपनी फुकट चहा पाजणार होती, तिथे पत्रके लागणारच. ती नसती तर बोल कोठीवर आला असता, आणि माझी जागा गेली असती.

मी लाल कागद नेऊन साहेबांपुढे ठेवला. ते उठून कोठीत डोकावले. "अहो बाई, याच्यावरचे गठ्ठे संपलेत कुठे?"

नुसता कागद ठेवून भागणार नव्हते. "साहेब, खालचे आधी गेलेत. सगळे मिळून मोजा."

ते रागावले नाहीत. वाकून स्वतः मोजले आणि त्याच संध्याकाळच्या गाडीने छापखान्याला पत्र धाडले. जुनी पत्रके संपत आली तेव्हा नवी पेटी आली. कशेळ्याला एकही माणूस रिकाम्या हाताने गेला नाही.

काका बरे होऊन आले. त्यांनी खालचे गठ्ठे सुतळीने एकत्र आवळले, लाल कागद गाठीत अडकवला आणि म्हणाले, "पोरी, मला वाटलं होतं तुला बोलावंच लागणार नाही." मग कोठीची किल्ली माझ्या हातात दिली. साहेबांनी मला कायम केले होते आणि त्यांना तसे सांगितले होते.

त्या किल्लीवर आमचे घर चालले. त्या दोघांचे उपकार तोंडाने कधी बोलता आले नाहीत, म्हणून इथे लिहिते.