नकाशेकाकांचा ठिपका

नकाशेकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. बावीस वर्षं कुरिअरच्या पिशव्या पोचवून शहरातली बोळं त्यांच्या पायांना पाठ झाली होती, म्हणून स्कूटरवाल्या पोरांनी ते ठेवलं. आता चोपन्नाव्या वर्षी ते अॅपवरून जेवणाचे डबे पोचवत. पोरं हँडलवर फोन लावून नकाशातली बाई सांगेल तिकडे वळत. काका पडदा बंद करून फोन खिशात ठेवत. "मला रस्ता सांगणारी अजून जन्मायचीय," असं ते म्हणत, आणि घरी बायको नसताना म्हणत.

अशा माणसाचा आयडी मंगळवारी सकाळी अॅपनं बंद केला. कारण काय, तर 'खोटं लोकेशन दाखवलं'. खोटं! काकांनी चहाचा कप आपटला आणि स्कूटर थेट मदत केंद्रावर नेली.

मदत केंद्र म्हणजे एक खोली, सहा खुर्च्या आणि एक मुलगी. मुलीनं नोंद वाचली. "काका, तुम्ही बारा मिनिटं हॉटेलाच्या दारातच उभे होतात आणि पुढच्या सेकंदाला तीन किलोमीटरवर गिऱ्हाइकाच्या दारात. असं सहा वेळा झालंय."

"मग मी काय उडत गेलो?"

"काही लोक खोटं लोकेशन दाखवणारं अॅप टाकतात."

"अगं, मला साधा गजर लावता येत नाही! ज्या बाईनं हातात डबा घेतला तिलाच विचार ना. लाव फोन."

"तुम्ही लावलेला नंबर गिऱ्हाइकाचा नसतोच, काका. मधला झाकलेला नंबर असतो. डबा पोचला की तो बंद."

"म्हणजे साक्षीदार आहे, पण बुरख्यात! आणि ते तुमचं यंत्र मात्र उघड्या तोंडानं मला चोर म्हणणार!"

मागच्या खुर्चीवरचा दाढीवाला रायडर हसला. "काका, फोन दाखवा जरा." त्यानं वरची पट्टी ओढली. "हे बघा. बॅटरी बचत चालू. कुणी केली?"

काकांचा आवाज एकदम खाली आला. "लेकीनं. दुपारीच फोन मान टाकायचा, म्हणून."

"बरोबर. या फोनवर बचत चालू असली की पडदा बंद झाल्यावर लोकेशनही झोपतं. आमचा पडदा रस्ता बघायला चालूच असतो, म्हणून आम्हाला कळलंच नाही."

काकांना हे समजायला दोन श्वास लागले, आणि तिसऱ्या श्वासाला ते उसळले. "म्हणजे ज्याला रस्ता ठाऊक नाही तो सज्जन, आणि ज्याला पाठ आहे तो लबाड?"

"पण हे सिद्ध कसं करणार?" मुलगी म्हणाली.

"कर माझा आयडी दहा मिनिटं सुरू. बघ तुझ्या पडद्यावर."

मुलीनं चाचणीपुरता आयडी उघडला. काकांनी बाजूचं बटण दाबून पडदा बंद केला, फोन खिशात टाकला आणि बाहेर जाऊन स्कूटरला किक मारली. पाच मिनिटं झाली. समोरची खुर्ची रिकामी होती, आणि मुलीच्या पडद्यावर काकांचा ठिपका तिच्यावर मांडी घालून बसला होता. "काका, चहा घेणार?" दाढीवाल्यानं रिकाम्या खुर्चीला विचारलं. तेवढ्यात पेट्रोलपंपावर काकांनी फोन काढून पडदा उघडला असावा; ठिपका टुणकन तिथं जाऊन बसला.

काका परतले तेव्हा मुलगी हसू दाबत होती. "आयडी कायमचा सुरू केलाय. बॅटरी बचत बंद करा, आणि अॅपला बॅटरीची बंधनं नको असं सेटिंग करा. नेव्हिगेशन लावलंत तर पडदाही चालू राहील. दुचाकीचा पर्याय निवडा, नाहीतर फक्त मोटारींच्या पुलावर नेईल."

"आणि तो 'खोटं लोकेशन'चा शेरा?"

"तो काढायचा अधिकार वर आहे."

"वर? वर तर गच्ची आहे!"

"काका, आयडी मिळाला ना?"

"आयडी तुझ्या यंत्राचा आहे, पोरी. नाव माझं आहे." काका खुर्चीवर बसले, आणि या वेळी ठिपक्यासकट बसले. "शेरा जाईपर्यंत हा ठिपका हलणार नाही."

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग चाचणीच्या वेळी टिपून ठेवलेलं रिकाम्या खुर्चीवरच्या ठिपक्याचं चित्र वर पाठवलं. 'चाचणी घेतली. चालक खरे बोलत आहेत,' असं टाइप करून तिनं पडदा वळवून दाखवला. काकांनी ते दोनदा वाचलं. चाळीस मिनिटांनी उत्तर आलं: शेरा काढला. माफीचा शब्द नव्हता. यंत्राला तेवढं वळण कोण लावणार!

लगेच ऑर्डर वाजली. काकांनी दाढीवाल्याकडून फोन अडकवायचा होल्डर उसना घेतला, फोन हँडलवर लावला, बाईचा आवाज बंद केला आणि उजळलेल्या पडद्याला दरडावलं, "आता डोळे उघडे ठेव. मी कुठून जातो ते नीट बघ." बाईची निळी रेघ डावीकडे वळत होती. काका उजवीकडच्या बोळात शिरले.