एका जागेचं माप

कारखान्यात त्याला मिनिटराव म्हणत. घड्याळाशी याचा काही संबंध नव्हता. बाकीचे टर्नर कोन अंशांत सांगत. हा मात्र अंशाखालची मिनिटंही सांगायचा, आणि कोणी हसलं तर पुन्हा एकदा सांगायचा. एकतीस वर्षं त्याने एकाच खिडकीखालच्या लेथवर काढली. डाव्या तर्जनीचं नख गेलेलं, चष्म्याच्या काडीला तांब्याची तार. नदीपलीकडच्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्याची बायको कामाला होती. रोज सकाळी सातच्या बोटीने जायची, संध्याकाळच्या बोटीने यायची.

बोटीचा नवा शाफ्ट त्यानेच केला होता. शाफ्टचं शेवटचं टोक निमुळतं असतं आणि त्यावर पाणी कापणारा पंखा घट्ट बसतो. त्या निमुळतेपणाला टेपर म्हणतात. नकाशावर लिहिलं होतं, एकास दहा. म्हणजे दहा मिलिमीटर पुढे गेलं की व्यास एक मिलिमीटरने कमी. खांद्यापाशी, म्हणजे जाड शाफ्ट संपून टेपर सुरू होतो त्या पायरीपाशी, साठ. तिथून नव्वद मिलिमीटरवर एक्कावन्न.

तीन आठवड्यांनी जेवताना बायको सहज म्हणाली की बोट हल्ली पायाखाली गुरगुरते. इंजिन जुनं झालंय, तो म्हणाला. भात कालवला, पण घास तोंडाकडे न्यायला जमेना.

दुसऱ्या दिवशी तो स्टोअरवाल्या ताईंकडे गेला. डायल हवा होता. डायल म्हणजे काटेवालं लहान यंत्र, केसाएवढा फरकही दाखवणारं. ताईंनी डब्यातून काढून दिला आणि म्हणाल्या की कालच पंपवाल्यांकडून परत आलाय, महिनाभर त्यांच्याकडेच होता.

महिनाभर. शाफ्ट तीन आठवड्यांपूर्वी केला होता.

तो लेथपाशी येऊन नुसता बसला. टेपर कापायचा तर हत्यार धरून सरकणारी वरची स्लाइड तिरकी लावायची. व्यास दोन्ही बाजूंनी मिळून दहात एकने उतरतो, म्हणजे एका बाजूने दहात अर्धा. दोन्ही बाजूंमधला पूर्ण कोन पाच अंश त्रेचाळीस मिनिटं भरतो. स्लाइड त्याच्या निम्म्यावर लावायची, दोन अंश बावन्न मिनिटं, त्यातही पंधरा सेकंद कमी. स्लाइडच्या पट्टीवर फक्त अखंड अंशांच्या रेघा. म्हणून तो आधी तीनच्या रेघेवर लावायचा आणि मग सरळ सळईवर डायल टेकवून दुरुस्त करायचा. स्लाइड दहा मिलिमीटर पुढे गेली की काटा अर्धा मिलिमीटर हलला पाहिजे.

त्या दिवशी तीनची रेघ लावली होती, हे आठवत होतं. मग मुलीच्या शाळेतून निरोप आला की ती जिन्यावरून पडली. तो धावत गेला. हाताला प्लास्टर घालून तिला घरी सोडलं, परत आला. मालक दारात उभे होते. बोट बंद होती, लोक ओरडत होते. त्याने हत्यार लावलं आणि कापायला सुरुवात केली.

डायल आठवत नव्हता. आठवणार कसा? तो इथे नव्हताच.

वहीत मात्र माप होतं. त्याच्याच अक्षरात. खांद्यापासून पंचेचाळीसवर, पंचावन्न पूर्णांक पन्नास. अगदी बरोबर. कडेला मायक्रोमीटर घसरतो, म्हणून त्यांच्या कारखान्यात टेपर मधोमध मोजायची सवय होती. पण एका जागेचं माप कोन सांगत नाही. त्या एका बिंदूतून कितीही तिरप्या रेघा काढता येतात. तीनच्या रेघेने व्यास दहात एकापेक्षा थोडा जास्त उतरतो. मधे बरोबर असला तरी खांद्याकडे साठ पूर्णांक बावीस, टोकाला पन्नास पूर्णांक अठ्ठ्याहत्तर. पंखा जाड बाजूच्या एका कड्यावर अडकलेला, पुढे सगळी पोकळी. फिरवण्याचा भार एका चावीवर, अंगठ्याएवढ्या लोखंडाच्या तुकड्यावर. धक्क्याला लागताना चालक इंजिन उलटं फिरवतो. तेव्हा ती तुटली तर बोट प्रवाहात. खाली अर्ध्या मैलावर बंधारा.

फिटरला त्याने आडून विचारलं की पंखा बसवताना निळं लावून पाहिलं होतं का. निळा रंग फासला की कुठे टेकतंय ते कळतं. फिटर हसला. तुमच्या कामाला निळं लावायचं म्हणजे मिनिटराव, देवाची जात विचारण्यासारखं झालं.

त्याने काहीच सांगितलं नाही. खात्री नाही, असं मनाला म्हणाला. दोन दिवस तो सकाळी खिडकीत उभा राहिला. बायको डबा घेऊन उतारावरून खाली जाई. बोट पलीकडे पोचेपर्यंत त्याच्या हातातला चहा थंड होई. एकदा ती वळून म्हणाली, "असं काय बघता, जणू परत येणारच नाही." त्याने तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी त्याला सुचलं की पंखा न काढताही विचारता येईल. व्यासातला फरक टेपरवर दसपट लांबीत दिसतो. खांद्याकडे शून्य पूर्णांक बावीस जास्त, म्हणजे पंखा दोन मिलिमीटर अलीकडेच अडकणार. नकाशावर खांदा आणि पंखा यांच्यात पाचची फट होती. कोन चुकला असेल तर सातची. त्याने पितळेची एक पट्टी सहा मिलिमीटरवर आणली. चारदा मोजली. दोन्ही टोकांना.

संध्याकाळची फेरी सुटायच्या आधी बोट उताराला लागलेली असते. चालक टपरीवर चहा पीत होता. तो मागच्या बाजूने छातीएवढ्या पाण्यात उतरला. पाणी गढूळ होतं, काही दिसत नव्हतं. हाताने शाफ्ट धरला, बोटं सरकवत खांदा शोधला, पट्टी फटीला लावली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपलं माप खोटं निघावं असं वाटत होतं.

पट्टी आत गेली. सैल गेली.

तो वर आला तेव्हा लोक चढायला लागले होते. आज बायकोला दुपारनंतर सुट्टी होती, पण कोणाच्या तरी बदलीवर ती पुन्हा निघाली होती. रांगेत तिसरी. चालक म्हणाला, "काय मिनिटराव, आंघोळीला घरी पाणी नाही?"

"इंजिनाची किल्ली दे. ही बोट सुटायची नाही." त्याचे दात वाजत होते. "टेपर चुकलाय. मी चुकवलाय."

लोक कुरकुरत उतरले. बायको उतरली नाही. फळीवर उभी राहून तिने त्याच्या हातातली पट्टी पाहिली, मग त्याच्याकडे.

"कधीपासून माहीत होतं?"

"खात्री आत्ता झाली."

"मी ते नाही विचारलं."

त्याने सांगितलं. तीन दिवसांपासून. ती मनातल्या मनात तीन दिवसांतल्या फेऱ्या मोजत असावी. डबा दुसऱ्या हातात घेतला आणि पुलाकडच्या लांबच्या रस्त्याने चालू लागली.

दुसऱ्या दिवशी पंखा काढला. चावीची एक कड दबून चकचकीत झाली होती. निळं लावून पाहिलं तेव्हा जाड बाजूला करंगळीएवढी गोल रेघ उमटली, बाकी टेपर कोरा. मालक बराच वेळ बोलत राहिले. त्याला ऐकू येत नव्हतं. त्याने नवा शाफ्ट लेथवर चढवला, डायल टेकवला, काटा अर्ध्यावर आणला. मग दोन जागी मोजलं. मग आणखी दोन जागी.

बोट पुन्हा सुरू झाली, गुरगुर थांबली. बायको अजून पुलावरून जाते. तो आता पुलाकडच्या खिडकीत उभा राहतो.