फोटोतली नोट

देवगाव रंगारीला दिलेल्या माझ्या लेकीनं शिवणकामाची पहिली कमाई म्हणून पाचशेची नोट घेतली, अन् दोरे घ्यायला गेली तर दुकानदार म्हणाला, नोट नकली हाय. तिनं रडतच मला मोबाईलवर फोटो धाडला. मी मुकुंदवाडीत हातगाडीवर पेरू विकतो. शाळा दुसरीपर्यंतच, पण नोट ओळखण्यात मी कुणाला हार जात नाय.

मी फोन लावला. "उजेडासमोर धरून फोटो काढ." फोटो आला. कोऱ्या जागेत गांधींचा चेहरा अन् पाचशेचा आकडा उमटला होता. "आता नोट थोडी तिरपी करून काढ." दुसऱ्या फोटोत हिरवा धागा निळा दिसला. राहिली उठावाची छपाई. मी ऐटीत फोटोवरच अंगठा अन् बोट फिरवलं, तर नोट मोठी होऊन पडद्याबाहेर गेली! शेजारचा केळीवाला खो खो हसला. "चाचा, काच घासून क्या मिलेगा?"

मी त्याच्याकडं बघितलंच नाय. लेकीला म्हणालो, "हे फोटोत कळत नाय, पोरी. नोटेच्या दोन्ही कडांना पाच-पाच तिरप्या रेघा हायेत, त्यावर नख फिरव."

"आबा, लागतात की! खरबरीत लागतात!"

"मग खरीच हाय. जा, त्या दुकानदारालाच नख फिरवायला लाव."

थोड्या वेळानं तिसरा फोटो आला. त्यात नोट नव्हती, रंगीत दोऱ्यांची रिळं होती, अन् मागं दुकानदार कान धरून हसत होता.