चार आणि पाचच्या मध्ये

बंदर कार्यालयातल्या माझ्या टेबलावर होडीवाल्याने ठेवलेला अपघाताचा अहवाल चांगला लांबलचक होता. देवाला दिलेला नारळ, वारा, पर्यटकांचा दंगा, सगळं त्यात होतं. माझं डोकंच फिरलं. एका परिच्छेदात एकच घटना, घडली त्या क्रमाने, असं मी नव्या कागदावर उतरवत गेलो.

"३. होडी उथळ पाण्यात थांबवली.
४. पर्यटक शिडीने पाण्यात उतरला.
५. इंजिनाच्या पंख्याने त्याच्या पायाला जखम झाली."

माझा हात थांबला. "इंजिन बंद कधी केलंस?"

होडीवाला म्हणाला, "माका वाटला, भावान केल्यान."

दारात उभा असलेला त्याचा भाऊ ओरडला, "तू माका खंय सांगलंस?"

होडीवाला हळूच म्हणाला, "ह्या लिवकच होया?"

"लिहायलाच हवं," मी म्हणालो.

मी पाचचा सहा केला, चारच्या खाली नवा पाच घालून त्यापुढे जागा कोरी ठेवली आणि पेन होडीवाल्याच्या हातात दिलं.